23.6 दिवस आणि 188 सेकंद : 'लर्निंग टू सी' वाचताना घड्याळ कुठं सुरू होतं ते बघा

व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंगवर सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक येतंच. माइक रॉदर आणि जॉन शूक यांचं 'लर्निंग टू सी', 1998 साली लीन एंटरप्राइज इन्स्टिट्यूटने काढलेलं. पातळ पुस्तक आहे, चित्रं भरपूर आहेत, दोन बसकांत वाचून होतं. माझंही तसंच झालं. वाचलं, पटलं, आणि पेन्सिल घेऊन रांजणगाव एमआयडीसीत गेले. तिथं जे झालं त्यामुळे हे पुस्तक मला परत वाचावं लागलं, आणि दुसऱ्या वाचनात ते पहिल्यापेक्षा वेगळं दिसलं. म्हणून ही पोस्ट.

आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालंय. त्यामुळे माझ्या तक्रारी मुख्यतः मोजमापाच्या आहेत. पुस्तक वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पुस्तक जे मोजतं आणि आपण जे मोजल्याचा दावा करतो, त्यात फरक आहे, एवढाच मुद्दा आहे.

पुस्तक काय शिकवतं

पुस्तकात अ‍ॅक्मे स्टॅम्पिंग नावाची एक काल्पनिक कंपनी आहे. ती गाडीच्या डॅशबोर्डखाली बसणारे स्टीलचे ब्रॅकेट बनवते, डाव्या आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी. ग्राहकाला महिन्याला 18,400 ब्रॅकेट लागतात. महिन्यात 20 दिवस काम, म्हणजे दिवसाला 920. पत्र्याची कॉइल येते, स्टॅम्पिंग होतं, मग दोन स्पॉट वेल्डिंग, दोन असेंब्ली, आणि माल बाहेर.

आता लेखकांची करामत बघा. प्रत्येक दोन प्रक्रियांच्या मध्ये पडून असलेला माल ते मोजायला लावतात आणि नकाशावर तिथं एक त्रिकोण काढतात. स्टॅम्पिंगनंतर 7,000 नग पडलेत. ग्राहक दिवसाला 920 नेतो. 7,000 भागिले 920, म्हणजे 7.6 दिवस. याचा अर्थ आज स्टॅम्पिंगमधून निघालेला ब्रॅकेट वेल्डिंगला पोचायला साधारण साडेसात दिवस लागणार. असे सगळे त्रिकोण धरले की 5, 7.6, 1.8, 2.7, 2 आणि 4.5, एकूण 23.6 दिवस. आणि प्रत्यक्ष मशीनवरचं काम? 1, 39, 46, 62 आणि 40 सेकंद. एकूण 188 सेकंद. नकाशाच्या तळाशी पायऱ्यापायऱ्यांची एक रेघ काढतात, वरच्या पायरीवर दिवस, खालच्या पायरीवर सेकंद, आणि शेवटी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतात.

शॉपफ्लोअरवर ढिगाकडे कुणी वेळ म्हणून बघत नाही. ढीग म्हणजे माल, माल म्हणजे पैसा, एवढंच दिसतं. ढिगाला मागणीने भागून त्याचे दिवस करणं, हे या पुस्तकाचं सगळ्यात मोठं देणं आहे आणि ते कमी लेखू नका. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे लेखकांची शिस्त. डिस्पॅचच्या दारापासून सुरुवात करा आणि उलटं चालत कच्च्या मालाकडे या. वेळ स्वतःच्या स्टॉपवॉचने घ्या, फाइलमधली घेऊ नका. नकाशा पेन्सिलनेच काढा. हे सगळं मी जसंच्या तसं पाळलं. चूक तिथं झाली नाही.

रांजणगावचा माझा पहिला नकाशा

मी दौंड तालुक्यातली. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरकडे जाणारा रस्ता धरला की रांजणगाव तसं जवळच. तिथं एक छोटा कारखाना आहे, नाव देत नाही, आणि आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. पाइप कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं, झिंक प्लेटिंगला बाहेर पाठवायचं, परत आलं की तपासून पॅक करून मोठ्या कंपनीला द्यायचं. मालक पन्नाशीचे. मी त्यांना काका म्हणते, ते मला मॅडम म्हणतात.

पहिल्या खेपेला मी पुस्तकाप्रमाणे गेटच्या आतला नकाशा काढला. पाइप आत आल्यापासून प्लेटिंगला जाईपर्यंत, आणि प्लेटिंगहून आल्यापासून डिस्पॅचपर्यंत. बेंडिंग मशीन आणि वेल्डिंग बूथ यांच्यात मोठा ढीग होता, आणि दोन्ही शेडच्या दोन टोकांना होते. मी काकांना सांगितलं, मशीन जवळ आणा, ढीग कमी होईल. त्यांनी एक रविवार आणि सोमवारचा अर्धा दिवस घालवून मशीन हलवली, इलेक्ट्रिशियनला बोलावून नवीन लाइन ओढून घेतली. ढीग खरंच कमी झाला.

दीड महिन्याने गेले तेव्हा काका चहा देत म्हणाले, "मॅडम, जागा मोकळी झाली, ते बरं झालं. पण माल पोचायला तेवढेच दिवस लागतात. कंपनीकडून फोन तसेच येतात."

ते रागावले नव्हते. पण खर्च त्यांचा झाला होता आणि सल्ला माझा होता. माझ्या वहीतल्या नकाशावर मात्र लीड टाइम कमी झालेला स्पष्ट दिसत होता.

एका ऑर्डरच्या मागे चालल्यावर

मग मी मालाच्या ऐवजी एका ऑर्डरच्या मागे लागले. 360 नगांची ऑर्डर, स्टॉकमध्ये काहीही नाही, सगळं नव्यानं बनवायचं. हा तिचा प्रवास.

सोमवारी संध्याकाळी 6 वाजता ग्राहकाची मेल आली. ऑफिस बंद झालेलं. मंगळवारी सकाळी मेल वाचली. पाइप मागवायचा तर दर आधी काका बघणार, काका दिवसभर बाहेर. बुधवारी दराला होकार, शुक्रवारी संध्याकाळी पाइप दारात. इथपर्यंत 4 दिवस गेले आणि लोखंडाला कुणी हातही लावलेला नाही.

शनिवारी कटिंग आणि बेंडिंग. रविवारी सुट्टी. सोमवार आणि मंगळवार वेल्डिंग. मंगळवारी संध्याकाळी वेल्डिंग संपलं, पण प्लेटिंगसाठी भोसरीकडे जाणारा टेम्पो भरल्याशिवाय निघत नाही. अर्धा टेम्पो पाठवणं परवडत नाही. बुधवार गेला. गुरुवारी टेम्पो निघाला, शनिवारी संध्याकाळी माल परत आला. म्हणजे मंगळवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, 4 दिवस. परत रविवार. सोमवारी तपासणी आणि पॅकिंग. इन्स्पेक्शन रिपोर्ट ग्राहकाच्या क्वालिटी विभागाला मेल केला, त्यांचा होकार मंगळवारी दुपारी आला, मंगळवारी संध्याकाळी 6 वाजता माल पोचला.

सोमवार संध्याकाळ ते तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार संध्याकाळ, बरोबर 15 दिवस. त्यातले पाइप येण्यापूर्वीचे 4, प्लेटिंगचे 4 आणि रिपोर्टच्या होकाराचा 1, असे 9 दिवस माझ्या पहिल्या नकाशावर नव्हतेच. उरलेल्या 6 दिवसांत दोन रविवार. मी जो ढीग कमी केला तो या 6 दिवसांतल्या काही तासांचा होता. आणि वेल्डिंग तरीही मंगळवारी संध्याकाळीच संपत होतं, कारण वेल्डर एकच. त्यात ते मंगळवारी दुपारी संपलं असतं तरी टेम्पो गुरुवारीच निघाला असता. थोडक्यात, शेडमध्ये वाचवलेले तास शेडच्या बाहेर जाऊन थांबत होते.

पहिला आक्षेप : कुणाची वाट?

हे सगळं झाल्यावर मी अ‍ॅक्मेचा नकाशा परत काढला. वरच्या बाजूला माहितीचे बाण आहेत. ग्राहकाकडून 90, 60 आणि 30 दिवसांचे अंदाज येतात, रोजची ऑर्डर येते, आठवड्याला एकदा एमआरपी चालतं, प्रत्येक विभागाला आठवड्याचं शेड्यूल जातं. बाण आहेत, बाणावर वारंवारता लिहिली आहे. पण बाणाला स्वतःला किती वेळ लागतो, ते कुठंच नाही. तळाची पायऱ्यांची रेघ पत्र्याच्या कॉइलपासून सुरू होते. ऑर्डरपासून नाही.

म्हणजे 23.6 दिवस हा ग्राहकाने वाट बघण्याचा वेळ नाहीच. अ‍ॅक्मेकडे साडेचार दिवसांचा तयार माल पडून आहे. ग्राहकाने आज मागितलं की त्यातून आजच जातं. 23.6 दिवस हा पत्र्याने कारखान्यात काढलेला काळ आहे. पत्रा 23 दिवस थांबतो, ग्राहक जवळजवळ थांबत नाही. माझ्या रांजणगावच्या केसमध्ये नेमकं उलटं होतं. तयार माल नाही, त्यामुळे ग्राहक 15 दिवस थांबतो, आणि पाइप शेडमध्ये त्यापेक्षा कितीतरी कमी काळ राहतो.

या दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, लीड टाइम. आणि मग प्रबंधाच्या शीर्षकात 'ग्राहकाच्या ऑर्डरपासून डिलिव्हरीपर्यंत' असं लिहून आत पत्र्याचा काळ मोजलेला असतो. स्टॉक ठेवून विकणाऱ्या कारखान्यात तुम्ही मालाचा काळ निम्मा केलात तरी ग्राहकाला फरक जाणवणार नाही. पैसा मोकळा होईल, जागा मोकळी होईल, ते चांगलंच आहे, पण दावा तेवढाच करा. ऑर्डर आल्यावर बनवणाऱ्या कारखान्यात घड्याळ मेलच्या वेळेपासून सुरू झालं पाहिजे.

लेखकांवर इथं अन्याय करू नये. सुरुवात एका कारखान्याच्या दारापासून दारापर्यंत करा, असं ते स्वतःच सांगतात. कंपन्यांच्या साखळीचा नकाशा कसा काढायचा यावर डॅन जोन्स आणि जिम वोमॅक यांचं 'सीइंग द होल' हे वेगळं पुस्तक 2002 मध्ये आलंही. शिवाय टोयोटात या चित्राला मुळात साहित्य आणि माहितीच्या प्रवाहाचं चित्र म्हणतात. माहिती नावातच आहे. ती आपण सजावट म्हणून वरती काढून ठेवतो, हा दोष नक्कल करणाऱ्यांचा. माझाही.

दुसरा आक्षेप : तो टक्का कशाचा आहे?

बहुतेक पेपरमध्ये एक टक्केवारी असते. मूल्य वाढवणारा वेळ भागिले एकूण वेळ. ती जितकी छोटी तितका पेपर जोरदार वाटतो. आमच्याच ऑर्डरवर ती काढून बघू.

एका नगाला कटिंग 20 सेकंद, बेंडिंग 35, वेल्डिंग 150, तपासणी आणि पॅकिंग 25. एकूण 230 सेकंद. (तपासणीला मूल्य म्हणायचं का, हा वाद सध्या बाजूला ठेवू. प्लेटिंगच्या टाकीतला वेळही मी धरलेला नाही.) 15 दिवसांचे सेकंद होतात 12,96,000. टक्केवारी आली 0.018. भयंकर!

पण थांबा. एक नग 230 सेकंद घेतो, ऑर्डर तर 360 नगांची आहे. 360 गुणिले 230 म्हणजे 82,800 सेकंद, बरोबर 23 तास. ऑर्डरचे 15 दिवस म्हणजे 360 तास. टक्केवारी आली 6.4. आता रात्री आणि रविवारी कारखाना बंद असतो, तो वेळ धरायचा कशाला? कामाचे दिवस 13, रोजचे 8 तास, एकूण 104 तास. 23 भागिले 104, टक्केवारी 22.

ऑर्डर तीच, माणसं तीच, मशीन त्याच. आकडे मात्र 0.018, 6.4 आणि 22. यातला कुठलाच खोटा नाही. पहिला एका नगाचा आहे, दुसरा ऑर्डरचा कॅलेंडरवरचा, तिसरा ऑर्डरचा कामाच्या वेळेतला. गडबड तेव्हा होते जेव्हा आधीच्या स्थितीचा टक्का पहिल्या पट्टीने मोजतात आणि नंतरच्या स्थितीचा दुसऱ्या पट्टीने. किंवा पट्टी सांगतच नाहीत आणि दुसऱ्या पेपरमधल्या टक्क्याशी तुलना करतात. अ‍ॅक्मेच्या 188 सेकंदांचंही तेच आहे. तो एका ब्रॅकेटचा वेळ आहे. ब्रॅकेट एकेकटा फिरत असता तर ती तुलना चोख बसली असती. घाऊक लॉटमध्ये फिरतो तेव्हा त्याच्या वाट बघण्यातला बराचसा भाग हा त्याच्याच लॉटमधल्या भावंडांचं काम चालू असण्याचा असतो. ते थांबणं लॉट छोटा करून कमी होतं, मशीन जवळ आणून नाही. म्हणजे टक्का सांगताना तुम्ही उपायही नकळत ठरवत असता.

पेपर वाचताना हे ओळखायची सोपी खूण सांगते. छेदातला वेळ दिवसांत दिला असेल तर तो दिवस किती तासांचा आहे, हे शोधा. आणि अंशातला वेळ नगाचा आहे की लॉटचा, तेही शोधा. दोन्ही सापडले नाहीत, तर त्या टक्क्यावर तुमच्या प्रबंधातलं एकही वाक्य उभं करू नका.

तिसरा आक्षेप : नकाशा कुठल्या तारखेचा?

ढीग भागिले रोजची मागणी, या भागाकाराच्या मागे लिटलचा नियम आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये तो सिद्ध केला. पण तो दीर्घ काळातल्या सरासऱ्यांचा नियम आहे. सरासरी माल, सरासरी वेग, सरासरी वेळ. अ‍ॅक्मेची मागणी पुस्तकात रोज 920 अशी सपाट आहे, त्यामुळे एका दिवसाचा फोटो सरासरीसारखा चालून जातो.

आपल्याकडे मागणी सपाट नसते. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, हे एमआयडीसीत दोन महिने काढलेल्या कुणालाही माहीत आहे. समजा महिन्याचं शेड्यूल 6,000 नग, कामाचे दिवस 25, रोजचे 240. 25 तारखेला गेलात, डिस्पॅचच्या तयारीत 1,800 नग पडलेले दिसले. भागाकार केला, साडेसात दिवस. पुढच्या महिन्याच्या 3 तारखेला गेलात, मागचं सगळं निघून गेलंय, 480 नग उरलेत. भागाकार केला, 2 दिवस. मध्ये कुणीही काहीही सुधारलेलं नाही आणि तुमच्या तक्त्यात 73 टक्के घट आली!

यात कुणी फसवणूक करतं असं नाही. विद्यार्थी कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणे कारखान्यात जातो, पहिली भेट आणि दुसरी भेट कुठल्या तारखेला पडली याकडे त्याचं लक्ष नसतं. पण परीक्षकाने तारीख विचारली तर अख्खं प्रकरण कोसळतं.

उपाय महाग नाही. एक फोटो घेण्याऐवजी 20-25 ऑर्डर निवडा. मेलची तारीख इनबॉक्समध्ये असते, प्लेटिंगला गेल्याची आणि आल्याची तारीख जॉबवर्कच्या चलनावर असते, डिस्पॅचची बिलावर. एवढ्या तारखा वहीत उतरवल्या की प्रत्येक ऑर्डरचा खरा काळ मिळतो, आणि तो कुठे अडकला तेही. मी हे केलं तेव्हा मला सरासरीपेक्षा पसारा जास्त बोलका वाटला. त्याच नगाची एक ऑर्डर 9 दिवसांत गेली होती आणि एक 24 दिवसांत. शेडमध्ये दोघींचा काळ जवळपास सारखाच होता. फरक पाइपच्या दराला होकार कधी मिळाला आणि टेम्पो कधी भरला, यातच होता. एका दिवसाच्या नकाशावर हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्या दिवशी टेम्पो एक तर उभा असतो, नाहीतर गेलेला असतो.

निरुपयोगी म्हणजे कुणाला?

शेवटचा मुद्दा माझ्या भागातला. साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागते, पाटसला किंवा न्हावऱ्याला गाळप चालू असताना रस्त्यावरून जाणाऱ्यांनी ती पाहिलेली असते. व्हॅल्यू स्ट्रीमचा नकाशा काढणारा तिथं मोठा त्रिकोण काढेल आणि लाल पेनने लिहील, निव्वळ वाट बघणं, मूल्य शून्य.

पण गाळप चोवीस तास चालतं आणि तोडणी मुख्यतः दिवसा होते. समजा कारखाना दिवसाला 5,000 टन गाळतो आणि रात्रीचे 10 तास नवीन ऊस येत नाही. तर संध्याकाळी यार्डात सुमारे 2,080 टन उभे असायलाच हवेत, नाहीतर पहाटे गाळप बंद पडेल. ही रांग गाळपाची रात्रीची शिदोरी आहे. वाया गेलेला वेळ म्हणायचा तो त्याच्या वरचा. त्रिकोण एकच असतो, त्यात दोन वेगळे ढीग असतात, आणि नकाशा त्यांना वेगळं करत नाही. ते तुम्ही हिशोब करून वेगळं करायचं असतं.

आणि ही रांग पत्र्याच्या कॉइलसारखी नुसती पडून राहत नाही. तोडलेला ऊस थांबला की वाळतो, वजन घटतं, आणि आतल्या साखरेचंही विघटन होत राहतं. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. म्हणून रांग वजनकाट्याच्या अलीकडे असेल तर घटलेलं वजन शेतकऱ्याच्या खिशातून जातं. काट्याच्या पलीकडे असेल तर घटलेला उतारा कारखान्याच्या माथी. तास तेवढेच, सोसणारा वेगळा. व्हॅल्यू स्ट्रीमच्या नकाशात दिवसांचा रकाना आहे, सेकंदांचा आहे, पण हे थांबणं कोण सोसतो याचा रकाना नाही.

रांजणगावातही तेच. टेम्पो भरेपर्यंत थांबणं हे ग्राहकाच्या नजरेत शुद्ध वाया आहे. काकांच्या नजरेत ती भाड्यातली बचत आहे. रोज अर्धा टेम्पो पाठवला तर ग्राहकाचा दिवस वाचेल आणि भाडं काका भरतील. मोठी कंपनी त्याबद्दल दर वाढवून देणार आहे का? नसेल, तर 'मूल्य न वाढवणारी पायरी काढून टाका' हे वाक्य काकांना सांगायचा मला अधिकार नाही. रिपोर्टच्या होकाराची पायरीही काकांना निरुपयोगीच वाटते, पण त्याशिवाय ग्राहक गेटवर माल उतरवून घेत नाही.

दुसऱ्या खेपेला मी एकच गोष्ट सुचवली. नेहमीच्या दोन मापांच्या पाइपचा दर महिन्याच्या सुरुवातीला ठरवून ठेवायचा, म्हणजे मेल आल्यावर होकारासाठी थांबायला नको आणि ऑफिसमधला मुलगा थेट ऑर्डर टाकू शकेल. यात कुणाचा खर्च वाढत नव्हता. काकांनी ते केलं. त्या दोन मापांच्या ऑर्डरी आता साधारण एक ते दीड दिवस लवकर सुटतात. 15 दिवसांतला एक-दीड दिवस. पुस्तकातलं अ‍ॅक्मे पुढच्या नकाशात 23.6 दिवसांवरून साडेचार दिवसांवर येतं, त्यापुढे हे अगदीच किरकोळ दिसेल. पण तो साडेचार दिवसांचा आकडा कागदावर रेखाटलेल्या भविष्याचा आहे, आणि हा दीड दिवस बिलावरच्या तारखांतून निघालाय. कुठल्याही पेपरमध्ये 'लीड टाइम इतके टक्के कमी झाला' असं वाचलंत, तर तो नकाशावर कमी झाला की तारखांमध्ये, हे बघायला विसरू नका.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये आता पहिल्याच पानावर तीन ओळी आहेत. घड्याळ ग्राहकाच्या मेलच्या वेळेला सुरू होतं. एकक ऑर्डर आहे, नग नाही. वेळ कॅलेंडरच्या दिवसांत आहे, रविवार धरून. गाइडनी वाचून फक्त एवढंच विचारलं, "आणि घड्याळ बंद कधी होतं? माल गेटवर पोचल्यावर, की ग्राहकाने पावती दिल्यावर?" मी गेटवर पोचल्याची वेळ धरली होती. काकांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "गेटवर टेम्पो चार-चार तास उभा असतो मॅडम. ते पण धरा." धरलेत.